चार दिवसांची चार पानं: पाणलोट प्रशिक्षणाच्या रेकॉर्डिंगवरून सारांश करतानाच्या नोंदी

3 मार्च 2025

काम हातात आलं. माण तालुक्यातल्या एका गावात फेब्रुवारीत चार दिवसांचं प्रशिक्षण झालं. तीस-बत्तीस जण होते: पाणलोट समितीचे सदस्य, बचत गटाच्या बायका, दोन ग्रामपंचायत सदस्य. विषय असे: पहिल्या दिवशी पाण्याचा ताळेबंद, दुसऱ्या दिवशी डोंगरावर समतल रेषा आणि चर, तिसऱ्या दिवशी विहिरी आणि खडक, चौथ्या दिवशी प्रत्येक गटाचा आराखडा. सगळं रेकॉर्ड केलंय. संस्थेच्या ताईंची मागणी एका वाक्याची होती: "प्रत्येक दिवसाचं एक पान करा, घरात खिळ्याला अडकवता येईल असं."

हार्ड डिस्कमध्ये 41 फायली निघाल्या. कॅमेऱ्यातलं कार्ड जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेलं असलं की 4 जीबी झालं की फाईल तुटते आणि पुढची सुरू होते. त्यामुळे वाक्याच्या मध्येच तुकडे पडलेत. कॅमेऱ्याची तारीखही कुणी लावलेली नव्हती, सगळ्या फायली 1 जानेवारी 2018 च्या. तिसऱ्या दिवशी कार्ड बदललं म्हणून क्रमांक पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. क्रम लावायला शेवटी समाजमंदिराच्या भिंतीवरचं घड्याळ उपयोगी पडलं. ते प्रत्येक फ्रेममध्ये कोपऱ्यात दिसतं.

क्रम लागल्यावर एकेका दिवसाची यादी करून फायली जोडल्या. `yadi.txt` मध्ये ओळीला एक नाव:

```
file 'MVI_0412.MP4'
file 'MVI_0413.MP4'
```

आणि मग:

```
ffmpeg -f concat -safe 0 -i yadi.txt -c copy divas1.mp4
ffmpeg -i divas1.mp4 -vn -ac 1 -b:a 64k divas1.mp3
```

`-c copy` मुळे चित्र पुन्हा घडवलं जात नाही, नुसतं शिवलं जातं. म्हणून पाच तासांची फाईल काही मिनिटांत तयार. एक दिवस म्हणजे एक फाईल आणि एकच सलग वेळ. हे आधी केलं नाही तर पुढे "तिसऱ्या फाईलमधल्या बाराव्या मिनिटाला" असल्या नोंदी होतात आणि आठवड्याने आपल्यालाच त्या कळत नाहीत. एकूण साडेअठरा तास भरले.

5 मार्च

पहिला दिवस ऐकून झाला. आता काही लिहायचं नाही, फक्त सूची करायची असं ठरवलंय. वहीत चार रकाने: वेळ, कोण बोललं, काय, आणि प्रकार. प्रकार पाचच ठेवले: नियम, आकडा, कृती, प्रश्न, गोष्ट. एका तासाच्या रेकॉर्डिंगला साधारण तीन तास जातायत.

"गोष्ट" हा रकाना सर्वात जास्त भरतो. प्रशिक्षक सर रंगून सांगतात आणि ते बरंच आहे, कारण लोकांना नियम आठवतो तो गोष्टीच्या शेपटाला धरून. पानावर गोष्ट येणार नाही, पण तिची खूण येईल. उदाहरणार्थ, एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 घनमीटर, म्हणजे 10,000 लिटर. हे सरांनी "एक मिलिमीटर म्हणजे एकरी किती टँकर, सांगा बरं" असं विचारून घेतलं आणि खोलीत हशा झाला, कारण टँकर हा गावाचा दुखरा विषय. पानावर नियमाशेजारी टँकरचं छोटं चित्र काढणार.

6 मार्च

पहिल्या दिवसाचं गणित असं. गावाचं क्षेत्र 900 हेक्टर, पाऊस सोयीसाठी 500 मिमी धरला. 900 × 500 × 10 = 45,00,000 घनमीटर, म्हणजे 450 कोटी लिटर. पिण्या-वापरायला 2,000 माणसं, माणशी रोज 55 लिटर (जलजीवन मिशनचा निकष): वर्षाला 4 कोटी लिटरच्या जरासं वर. पुढे गहू: 40 हेक्टर, 450 मिमी पाणी धरलं तर 40 × 450 × 10 = 1,80,000 घनमीटर, म्हणजे 18 कोटी लिटर.

इथवर छान. पण सर हे आकडे फळ्यावर टीसीएममध्ये लिहितात. टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, 10 लाख लिटर. गावाचा पाऊस 4,500 टीसीएम. आता सातारा जिल्ह्यातल्या माणसाच्या कानाला टीएमसीची सवय, कारण पावसाळाभर पेपरात कोयनेचे टीएमसी वाचलेले असतात. ताईंनी सहभागींच्या वह्यांचे फोटो पाठवले होते. सात वह्यांपैकी चारांत "4500 टीएमसी" आहे! कोयना धरण पूर्ण भरलं की 105 टीएमसी. म्हणजे या चार वह्यांच्या हिशेबाने 900 हेक्टरांच्या गावात वर्षाला चाळीसहून जास्त कोयना पडतात. खरं तर 4,500 टीसीएम म्हणजे 0.16 टीएमसी.

सर एकदाही चुकीचं बोललेले नाहीत. दोन्ही शब्द तेच तीन इंग्रजी अक्षरांचे, क्रम तेवढा वेगळा. रेकॉर्डिंग इमानाने उतरवलं असतं तर हा सापळाही इमानाने पानावर गेला असता. ठरवलं की पानावर सगळं "कोटी लिटर" मध्ये. टीसीएम पूर्ण टाळता येत नाही, कारण आराखड्याच्या छापील तक्त्यात तोच रकाना आहे. म्हणून तळाला एक ओळ: "तक्त्यातलं 1 टीसीएम = 10 लाख लिटर. धरणाचं टीएमसी वेगळं, त्याचा इथे संबंध नाही."

8 मार्च

दुसरा दिवस. डोंगर, वारा आणि उभा धरलेला मोबाईल. आवाज फाटलेला.

आकड्यांची पंचाईत. चराची रुंदी "साठ" की "सात"? मराठी आकडे वाऱ्यात एकमेकांत मिसळतात: साठ-सात-आठ, तीस-वीस. तीनदा मागे नेऊन ऐकलं तरी खात्री होईना. पुढे एका आजोबांनी विचारलं, "फुटात सांगा की." त्यावर सर म्हणाले, "दोन फूट रुंद, एक फूट खोल." म्हणजे 60 आणि 30 सेंटिमीटर. सुटलं. यापुढे नियम: नुसत्या कानावर एकही आकडा पानावर जाणार नाही. तोच आकडा दुसऱ्या मापात, फळ्यावर किंवा गणिताच्या उत्तरात सापडला तरच. इथे तिसरा पुरावाही मिळाला, कारण सर पुढे "दहा मीटर चरात अठराशे लिटर" म्हणतात आणि 10 × 0.6 × 0.3 = 1.8 घनमीटर बरोबर येतं.

10 मार्च

दुसऱ्या दिवसाचा खरा गाभा आहे हायड्रोमार्कर. दोन सारख्या काठ्या, दोन्हींवर सेंटिमीटरच्या खुणा, आणि त्यांना बांधलेली पारदर्शक नळी, पाण्याने भरलेली. दोन्ही काठ्यांवर पाणी सारख्याच आकड्यावर आलं की त्या दोन जागा एका पातळीत. अशा जागा चुन्याने जोडत गेलं की समतल रेषा, आणि तिच्यावर चर.

ध्वनिफीत मात्र अशी आहे: "हं, इथं धरा. असं नाही, असं. आता तो खाली. अजून. बास." कानाने यातून काहीच लागत नाही. व्हिडिओ लावून, थांबवत थांबवत, हात काय करतायत ते लिहून काढलं. आठ पायऱ्या झाल्या. चराची माती उताराच्या खालच्या बाजूला, चरापासून थोडी जागा सोडून टाकायची, हेही सर बोलले नाहीत. फावड्याने दाखवलं.

उतार काढायचं उदाहरणही घेतलं: मागच्या काठीवर 92, पुढच्या काठीवर 128, दोघांत अंतर 12 मीटर. फरक 36 सेंमी, म्हणजे 12 मीटरमागे 0.36 मीटर, उतार 3 टक्के.

11 मार्च

तिसरा दिवस. विहिरी मोजणं आणि खडक ओळखणं. सर "व्हेसिक्युलर बसाल्ट" म्हणतात, विहीर खणणारी माणसं "मांजऱ्या" म्हणतात. पानावर मांजऱ्याच. मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण: विहिरीत उतरलेल्या माणसाला यातून कुठून पाणी पाझरतं हे माहीत असतं, फक्त शब्द त्याचा हवा.

पण मोठी गोष्ट निराळीच सापडली. पहिल्या दिवशी संध्याकाळी, 4 तास 38 मिनिटांना, एका ताईंनी विचारलं होतं, "सर, साडेचारशे कोटी लिटर पाऊस पडतोय अन् प्यायला चारच कोटी लागतंय, मग आमच्याकडं टँकर का येतो?" सर म्हणाले, "परवा बघू." मी सूचीत "प्रश्न, उत्तर नाही" असं लिहून पुढे गेले होते.

त्याचं उत्तर तिसऱ्या दिवशी दुपारी येतं, तेही दुसऱ्याच कुणाच्या प्रश्नाच्या ओघात. पडलेलं पाणी सगळं आपलं नसतं. काही बाष्प होऊन जातं, काही वाहून जातं, काही मातीत ओल म्हणून राहतं, आणि उरलेलं थोडं खाली मुरतं. ताळेबंदाच्या जमेच्या बाजूला धरायचं ते अडवलेलं आणि मुरलेलं पाणी, पडलेलं नव्हे. शिवाय विहिरीत आलेलंही बहुतेक पिकाला जातं, आणि मार्चपर्यंत विहीर खाली गेली की प्यायच्या चार कोटींनाच टाचा घासाव्या लागतात.

म्हणजे पहिल्या दिवसाचं पान जसंच्या तसं ठेवलं, तर ते वाचणाऱ्याला वाटेल की गावात पाण्याचा महापूर आहे. तिसऱ्या दिवसाचं पान हातात नसेल तर पहिलं चक्क दिशाभूल करतं.

12 मार्च

यावर ताईंशी फोनवर तासभर. त्यांचं म्हणणं, "मग दिवस सोडा, विषयवार करा. ताळेबंद सगळा एका जागी."

मी अडून बसले. लोकांना दिवस आठवतात. "डोंगरावर गेलेलो त्या दिवशी", "पुरणपोळी होती त्या दिवशी". काही शोधायचं असलं की ते त्या दिवसाच्या पानाकडेच जाणार. दिवस मोडले तर आठवणीचा खिळाच निघतो. पण दिवसवार म्हणजे त्या दिवशी जे बोललं गेलं तेच छापायचं, असंही नाही. दुरुस्ती ज्या दिवशी झाली तिथे नव्हे, जिथे चूक होऊ शकते तिथे हवी.

तडजोड ठरली. पहिल्या दिवसाच्या पानावर 450 कोटींच्या खाली चौकटीत त्या सहभागी ताईंचा टँकरचा प्रश्न तसाच, त्यांच्या शब्दांत, नावाशिवाय. खाली: "हा पडलेला पाऊस. जमेला एवढा धरू नका. काय वजा करायचं ते तिसऱ्या दिवसाच्या पानावर." प्रश्न त्या खोलीतल्या सगळ्यांनी ऐकला होता, त्यामुळे तो वाचला की पुढचं आठवेल.

आणखी एक ठरलं. तिसऱ्या दिवशी कुणाच्या बोअरमुळे कुणाची विहीर आटली यावर वीस मिनिटं खडाजंगी आहे, नावानिशी. त्यातला एकही शब्द पानावर नाही. ती फीतही वाटायची नाही, कारण रेकॉर्डिंगला लोकांनी होकार दिला तो शिकण्यासाठी, भांडण जपून ठेवायला नाही.

14 मार्च

धुळवड. कुणीच फोन उचलत नाही. चौथ्या दिवसाची सूची उरकली. बहुतेक वेळ गटांची सादरीकरणं आणि आभार. अर्ध्या पानाचा ऐवज.

17 मार्च

चारही पानांचा कच्चा खर्डा छापला. अक्षर मोठं, कारण वाचणाऱ्यांत चष्मा घरी विसरणारे बरेच आहेत. तपासायला वाचून दाखवायचं नाही, करून घ्यायचं. ताईंना म्हटलं, मला दोन माणसं द्या: एक जण चारही दिवस हजर असलेला, आणि एक जण दुसऱ्या दिवशी नसलेला.

19 मार्च

गावात. दुसऱ्या दिवशी न आलेल्या ताई (माहेरी मयत झाली होती) आणि चारही दिवस हजर असलेले आजोबा. शाळेमागचा उतार. हायड्रोमार्कर ताईंच्या हातात दिला, पान दिलं, आणि आजोबांना विनंती केली की मधे बोलू नका. हे त्यांना फार जड गेलं.

पहिली अडचण पाचव्या मिनिटाला. पानावर "नळीत पाणी भरा" आहे. ताईंनी भरलं. दोन्ही काठ्या शेजारीशेजारी, एकाच जागी ठेवल्या तरी एकीवर 101, दुसरीवर 96. नळीच्या पोटात बोटभर हवेचा बुडबुडा. परत येऊन व्हिडिओ पाहिला तर सर बोलता बोलता नळीला टिचक्या मारून बुडबुडे वर काढताना दिसतात. तोंडाने चकार शब्द नाही. मी पाहूनही पाहिलं नव्हतं. नवी पायरी: "काम सुरू करण्याआधी दोन्ही काठ्या एकाच जागी ठेवा. आकडे सारखे नसतील तर नळीत हवा आहे. टिचक्या मारून काढा." शिवाय: चालताना नळीची तोंडं अंगठ्याने बंद, आकडा वाचताना दोन्ही उघडी. एक जरी बंद राहिलं तरी पाणी अडून चुकीचा आकडा दाखवतं.

दुसरी चूक मात्र माझी, आणि जिव्हारी लागणारी. ताई समतल जागा शोधत होत्या. मागे 100, पुढे 108. पानावर मी लिहिलं होतं: "ज्या काठीवर पाणी जास्त वर, ती जागा उंच. काठी खाली सरकवा." ताईंनी पुढची काठी उतारावर खाली नेली. 115. अजून खाली. 124. फरक कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललेला. आजोबांना राहवेना.

"अवो ताई, पाणी वर चढलं म्हंजे जमीन खाली हाय. पाणी कुठं चढतंय? पाणी हाय तिथंच हाय. काठी खाली गेली."

त्यांचंच बरोबर. पाण्याची पातळी दोन्हीकडे एकच असते. काठी खोलगट जागेत टेकली की ती पाण्याच्या मानाने खाली जाते, म्हणून आकडा मोठा दिसतो. म्हणजे मोठ्या आकड्याची काठी वर, चढाकडे सरकवायची.

घरी येऊन फीत तपासली. दुसरा दिवस, 1 तास 52 मिनिटं. सर स्वच्छ म्हणतात, "आकडा मोठा, तिथं जमीन खाली." मी सूचीतही तसंच लिहिलंय. पान लिहिताना मला ते उलटं वाटलं, सरांची जीभ घसरली असावी असं धरून मी "दुरुस्त" केलं. शेजारच्याच ओळीत 92 आणि 128 चं उदाहरण आहे, जिथे पुढची काठी उताराच्या खाली उभी आहे. ते माझ्याच नियमाशी भांडत होतं आणि माझ्या लक्षात आलं नाही.

नवा नियम वहीच्या पुठ्ठ्यावर: बोलणाऱ्याचं वाक्य चुकलं असं वाटलं तर बदलायचं नाही, आधी त्याला फोन. किंवा करून बघायचं. संध्याकाळी गॅलरीत नळी आणि दोन मोजपट्ट्या घेऊन पायरीवर करून पाहिलंच.

21 मार्च

दुसऱ्या दिवसाचं पान नव्याने लिहिलं. नियम आता एका ओळीत: "आकडा मोठा = जमीन खाली. ती काठी वर सरकवा." त्याखाली ओळखायची खूण: "सरकवल्यावर फरक वाढत असेल तर उलट्या बाजूला चाललात." आणि त्याखाली 92/128 चं चित्र, उतारासकट.

सरांना पाठवलं. त्यांनी एकच बदल सांगितला: 12 मीटर हे अंतर जमिनीवर दोरी टाकून नको, दोरी आडवी ताणून मोजायचं. तीन टक्क्याला फरक नगण्य, पण चढ मोठा असेल तर चुकतं.

24 मार्च

छपाई. जाड कागदावर, दोन्ही बाजूंनी. चौथ्या दिवसाची मागची बाजू रिकाम्या चौकटींची: आपल्या गावाचं क्षेत्र, पाऊस, माणसं, विहिरींची मापं. गाव स्वतःचं भरेल. पानांचे फोटो गटाच्या व्हॉट्सॲपवरही टाकले.

2 एप्रिल

गुढीपाडव्यानंतर संस्थेच्या ताईंनी एक फोटो पाठवला. एका दादांनी चौकटी भरल्यात, निळ्या पेनाने, सुंदर अक्षरात. आपल्या विहिरीतलं पाणी त्यांनी 452 घनमीटर काढलंय. व्यास 6 मीटर, पाणी 4 मीटर. मी केलं तर 3.14 × 3 × 3 × 4 = 113. त्यांनी 3 च्या जागी 6 धरलेत आणि उत्तर चौपट झालंय. पानावर "त्रिज्या" लिहिलंय, आणि विहिरीवर दोरी आडवी टाकली की हाताला लागतो तो व्यास.

दुसऱ्या छपाईत "त्रिज्या" काढून "रुंदीच्या निम्मे" केलं. दादांना ताई फोन करून सांगणार आहेत. त्यांनी त्या 452 वर दोन पिकांचा बेत आखलाय म्हणे, म्हणून आजच.